नडगी, गोळा आणि मालदांडीची काढणी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५, मंद्रूप

पहाटे साडेपाचला मैदानावर पोचलो तेव्हा भाचा आधीच आला होता, पण पळत नव्हता. कट्ट्यावर बसून पँट वर करून नडगी चोळत होता. विचारलं तर म्हणाला, "काही नाही मामा, थोडं जड वाटायलंय." मग माझ्या हट्टाखातर सोळाशे पळाला. आमच्या मैदानाची फेरी दोनशे मीटरची, म्हणजे आठ फेऱ्या. वेळ आली ६ मिनिटं १२ सेकंद.

घरी येऊन वहीत मागची पानं उलटली. २४ जानेवारीला ५:५८. मग ६:०१, ६:००, ६:०५, ६:०४, ६:०९. रोज पळतोय आणि एकूण हळूच होत चाललाय. एखाद्या दिवसाचा आकडा खराब आला तर झोप, वारा, पोट, काहीही कारण असू शकतं. पण दहा दिवस आकडा एकाच बाजूला सरकत असेल, तर पोरगा आळशी आहे असं म्हणायची सोय राहत नाही. आणि रोज घड्याळ लावून पळायला मीच सांगितलं होतं, हेही इथं लिहून ठेवतो.

संध्याकाळी त्याला खाटेवर बसवून दोन्ही नडग्या अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत दाबत गेलो. आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार बोटांपासून पुढं वीतभर पट्टा दुखतो. एकाच बोटाएवढ्या जागी कळ येत नाही, रात्री ठणकत नाही, दोन फेऱ्या झाल्या की जरा मोकळं वाटतं. हे त्यातल्या त्यात बरं लक्षण. एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि पोरगा ओरडला असता, किंवा झोपेत दुखून जागा झाला असता, तर हाडाला बारीक तडा असल्याची शंका धरून उद्याच सोलापूरला डॉक्टरकडे नेलं असतं. तसा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतही नाही, त्यामुळे "फोटो साफ आहे" यावर विसंबून पळवायचं नसतं.

चार दिवस पळणं बंद. ताईला फोन करून सांगितलं. तिला वाटलं पोराची भरती गेली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

त्याच्याकडचा तक्ता मागून घेतला. शहरातल्या एका जिममध्ये भिंतीवर लावलेला, मोबाइलवर फोटो काढून आणलेला. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, गुरुवारी खांदे, शुक्रवारी दंड, शनिवारी परत पाय. वरवर पाहता चूक काही नाही. प्रत्येक अवयवाला दोन-तीन दिवस तरी विश्रांती मिळतेय.

मग मी त्याच्या शेजारी दुसरा रकाना आखला आणि विचारलं, मागच्या आठवड्यात खरं काय काय केलंस ते सांग. सकाळी सहाही दिवस सोळाशे, घड्याळ लावून. मंगळवारी "पाठ" म्हणून जमिनीवरून बार उचलला, म्हणजे मांडीची मागची बाजू आणि कंबर. बुधवारी बैठका, वजन घेऊन. गुरुवारी "खांदे" म्हणून गोळा. शुक्रवारी मित्रांबरोबर शंभर मीटरच्या शर्यती. शनिवारी पुन्हा वजनाच्या बैठका. तक्त्यावर पायाचे दिवस दोन. आमच्या रकान्यात पायाचे दिवस सहा, आणि त्यातले पाच जोराचे.

तो तक्ता शरीर कमावणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना सकाळी पळायचं नसतं. त्यांच्या हिशेबात तो बरोबर असेल. पोलीस भरतीच्या पोराला सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा, अशा तीन गोष्टी द्यायच्या असतात. मैदानी चाचणी ५० गुणांची, २०-१५-१५ अशी विभागलेली. या तिन्हीत पायच राबतात. त्यामुळे तक्त्यावर अवयवाचं नाव काय लिहिलंय याला अर्थ नाही. त्या दिवशी जोर कुणी लावला हे पाहायचं.

जोराचा व्यायाम झाला की स्नायूचे धागे बारीक फाटतात आणि शरीर ते पुन्हा बांधायला घेतं. हे बांधकाम साधारण एक ते दोन दिवस चालतं. अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, ती त्यामुळेच. पण स्नायू हाडाला जिथं धरतो ती दोरी, म्हणजे कंडरा, तिचं काम आणखी सावकाश चालतं. जोराच्या कामानंतर पहिला दिवस-दीड दिवस तिथं बांधण्यापेक्षा मोडणंच जास्त असतं. त्या काळात पुन्हा तोच ताण दिला की मोडलेल्यावर मोडत जातं. भाच्याच्या नडगीवर दहा दिवस हेच चाललं होतं, आणि हाड तर याहूनही उशिरा सावरतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गोळा म्हणजे खांदे, हा गैरसमज आज मोडला. मैदानावर भाच्याला खुर्चीवर बसवलं आणि बसल्या जागेवरून ७.२६० किलोचा गोळा फेकायला सांगितला. ३.७० मीटर. मग उभा राहून, पाय न हलवता: ४.९०. मग नेहमीसारखा मागून सरकत येऊन: ६.४०. तिन्ही वेळा खांदा तोच, हात तोच. मधला जवळपास पावणेतीन मीटरचा फरक पायांनी आणि कमरेनं दिला.

शेजारच्या काकांची लेक बघत होती. तीही तयारी करतेय. तिला आठशे मीटर आणि ४ किलोचा गोळा. ती म्हणाली, "म्हणजे मामा, गोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझे गुडघे का कुरकुरतात ते कळलं." तिला तीन महिने कुणी हे सांगितलं नव्हतं, मी धरून.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नवा आठवडा लिहिला. भाच्याला तो बघून राग आला, कारण त्यात जोराचे दिवस दोनच आहेत.

सोमवारी सोळाशेची तयारी: चारशेच्या चार फेऱ्या, प्रत्येक ८६ सेकंदांच्या आसपास, मध्ये दोन-अडीच मिनिटं चालणं. संध्याकाळी वरचं अंग: जोर, पुलअप्स, डंबेल ओढणं. गुरुवारी बाकी सगळं जड एकत्र: आधी साठ मीटरचे सहा स्प्रिंट, प्रत्येकाच्या मध्ये तीन मिनिटं पूर्ण थांबून; मग गोळ्याच्या दहा-बारा पूर्ण ताकदीच्या फेकी; शेवटी वजनाच्या बैठका, पाच-पाचचे चार सेट. मंगळवारी वीस मिनिटं हळू पळणं, बोलत बोलत. शनिवारी तसंच अर्धा तास, शेताच्या कच्च्या रस्त्यानं. मैदानाची काळी माती आता भेगाळायला लागलीय आणि हायवेच्या डांबरावर नडगी सहन करणार नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार रिकामे.

तो म्हणाला, "गुरुवारी एवढं सगळं एका दिवशी? वाटून नको का द्यायला?" हाच कळीचा प्रश्न आहे आणि सगळे इथंच चुकतात. स्प्रिंट मंगळवारी, गोळा बुधवारी, बैठका गुरुवारी असं वाटून दिलं, तर प्रत्येक दिवस अर्धा जड होतो आणि एकही दिवस हलका राहत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूला सलग तीन दिवस थोडं थोडं ओढलं जातं. त्यापेक्षा एकाच दिवशी पुरतं थकवावं आणि मग तीन दिवस त्या बाजूला फिरकू नये. आमच्या आखणीत सोमवार ते गुरुवार तीन दिवस, गुरुवार ते सोमवार चार दिवस. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाच्या बिल बॉवरमननं एक दिवस जड, एक दिवस हलका अशी पद्धत आपल्या धावपटूंना लावली होती. त्याच्याकडे ऑलिंपिकला जाणारी पोरं होती, तरी त्यानं सलग जड दिवस टाळले.

गुरुवारातला क्रम मात्र बदलायचा नाही. ज्याला चपळाई लागते ते आधी, ज्याला फक्त ताकद लागते ते शेवटी. बैठका मारून थरथरत्या पायांनी स्प्रिंट मारला की मांडीची मागची शीर धरते. मी स्वतः वयाच्या बाविसाव्या वर्षी तसं करून पावसाळाभर लंगडलोय.

संध्याकाळी कट्ट्यावर आप्पा भेटले. ऐंशीच्या पुढचे, तालमीतले. कॅलेंडर बघून हसले. "आम्ही रोज हजार बैठका मारायचो बे. सुट्टी कसली?" त्यांचं खोटं नाही. पण ती बैठक आपल्याच अंगाच्या वजनाची, वयाच्या दहाव्या वर्षापासून पन्नासावरून वाढवत नेलेली. शिवाय दुपारी तीन तास झोप, दूध आणि बदाम. भाचा साठ किलोचा बार खांद्यावर घेतो, तेही चार महिन्यांपूर्वी सुरू केलंय, आणि दुपारी ताईच्या सांगण्यावरून पाण्याची मोटर बघायला शेतात जातो. आप्पांना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली, ती पटून की ऊन डोळ्यावर आलं म्हणून, ते कळलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

नडगी दाबून पाहिली, पट्टा दुखतो पण निम्माच. चारऐवजी तीनच फेऱ्या दिल्या. ८८, ८७, ८९.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज मोजपट्टी आणली. जड दिवसाआधी अंग तयार आहे का हे विचारून कळत नाही. भरतीची पोरं नेहमी "एकदम फिट" म्हणतात. म्हणून अंग गरम झाल्यावर उभ्या जागेवरून लांब उडी, तीनदा, त्यातली सर्वांत मोठी लिहायची. भाच्याची २.२२ मीटर. लेकीची १.७१. पुढच्या जड दिवशी यापेक्षा दहा-बारा सेंटिमीटरनं कमी आली, तर त्या दिवशी जड काही करायचं नाही. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या अंदाजाचा आहे. पाय ताजे असले की उडी एक-दोन बोटं इकडंतिकडं होते, वीतभर खाली येत नाही.

स्प्रिंट चांगले झाले. गोळा ६.५५.

रविवार, १६ फेब्रुवारी

काल आणि आज ज्वारीची काढणी. मालदांडी आमच्याकडे अजून हातानंच उपटतात. ताट बुंध्याशी दोन्ही मुठींत धरायचं, टाच रोवायची, कमरेतून हिसका द्यायचा. जमीन भेगाळलेली, मुळांना ढेकूळ घट्ट, ते पायावर आपटून झाडायचं आणि ताट पेंढीवर टाकायचं. मग पुढचं. दुपारपर्यंत मुठी मिटेनात. भाचा दोन्ही दिवस, लेकही दोन्ही दिवस. माणसं मिळत नाहीत, त्यामुळे काढणीला कुणी सुटत नाही.

जेवायला बांधावर बसलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. तेव्हा लेक म्हणाली, "मामा, हे तुमच्या कॅलेंडरावर कुठं लिहायचं?"

मी भाकरी मोडता मोडता थांबलो. दोन दिवस सकाळी सात ते दुपारी एक, शेकडो वेळा वाकून मांडीच्या मागच्या स्नायूनं, कमरेनं आणि पंजांनी हिसके दिलेत. आणि माझ्या आखणीप्रमाणे हे दोघं काल हलके पळाले आणि आज सुट्टीवर आहेत. जिमच्या तक्त्याला मी जी नावं ठेवली तीच चूक मी केली. घरी येऊन कॅलेंडरवर नवा रकाना आखला, वर लिहिलं "शेत".

सोमवार, १७ फेब्रुवारी

उडी: भाचा २.०७, लेक १.५८. चारशेच्या फेऱ्या रद्द. दोघांना घरी पाठवलं. भाचा म्हणाला, सोमवारचं चुकलं तर उद्या करू आणि गुरुवारचंही करू. मी नाही म्हटलं. एक जड दिवस चुकला की तो पुढच्या दोन दिवसांत कोंबायचा नाही. अख्खी रांगच पुढं ढकलायची. वार पाळायचा नाही, मधलं अंतर पाळायचं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. पहाटे मैदान रिकामं, मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर पोरं पताका बांधत होती. उडी २.२१. चारशेच्या चार फेऱ्या: ८६, ८५, ८६, ८६. शेवटची फेरी पहिलीएवढीच आली. हेच मला हवं होतं. शेवटची फेरी पाच-सहा सेकंदांनी गळाली असती, तर एक तर पहिल्या फेऱ्या जोरात गेल्या किंवा पाय अजून शेतातच आहेत, असं धरलं असतं. लेकीनं दोनशेच्या सहा फेऱ्या केल्या. ती भाच्यापेक्षा सावध आहे, न सांगता दोन मिनिटं पूर्ण थांबते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

स्प्रिंट, गोळा, बैठका. गोळा ६.९०. नडगी दाबली, काही नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

उद्या महाशिवरात्र. उद्याच जड दिवस घेतला असता तर पोरगा साबुदाणा आणि रताळ्यावर चारशेच्या फेऱ्या मारणार, आणि त्यानंतर पोटात पुरेसं अन्न नाही. स्नायूंतली साखर रिकामी झाली की ती भरायला पोटभर खाऊनही जवळपास दिवस लागतो. भाकरीच नसेल तर कसली भरणार? म्हणून फेऱ्या आज घेतल्या, शनिवारपासून तीन दिवस झालेच आहेत. संध्याकाळी ताईनं त्याला चार भाकऱ्या आणि आमटी वाढली, उद्या निरंकार करायचा नाही अशी तंबी माझ्याकडून.

शनिवार, १ मार्च

काल शुक्रवारी स्प्रिंट झाले. हा आठवडा संपला. पुढचा आठवडा निम्मा: चारऐवजी दोन फेऱ्या, सहाऐवजी तीन स्प्रिंट, बैठकांचे दोन सेट, वेग आणि वजन मात्र तेच. तीन आठवडे वाढवून एक आठवडा कमी. वेग कमी करून फेऱ्या तेवढ्याच ठेवणं ही उलटी पद्धत मी पूर्वी वापरायचो. त्यात पोरं थकायचीही आणि हळूही व्हायची.

लेकीच्या आईनं विचारलं, निम्माच करायचा तर त्या वेळात पोरीला कडबा रचायला नेऊ का. नेऊ नका म्हणालो. त्यांना ते फारसं रुचलं नाही, आणि मलाही सांगताना संकोच वाटला. कडबा पावसात भिजला तर पोरीचं आठशे मीटर त्यांच्या काय कामाचं. शेवटी ठरलं की ती सोमवारी जाईल आणि त्या दिवशी पळणार नाही. रकान्यात लिहिलं: सोम, शेत, जड.

सोमवार, १० मार्च

पाच आठवड्यांनी पहिल्यांदा घड्याळ लावून पूर्ण सोळाशे. शनिवारी पंधरा मिनिटं हळू, रविवारी सुट्टी, त्याआधी निम्मा आठवडा. पहाटे वारा नव्हता. उडी २.२९, मागच्या सगळ्यांत मोठी.

पहिल्या चार फेऱ्या २:५३. सहाव्या फेरीला खांदे वर चढले, मी ओरडलो, त्यानं हात सैल सोडले. वेळ ५:४६. गोळा गुरुवारी मोजायचा आहे. लेकीनं आठशे ३:२१ मध्ये टाकले. तिला २:५० लागतील आणि ते लांब आहे. पुरुषांना सोळाशेत पूर्ण २० गुणांसाठी ५:१० लागतं. भाच्याला अजून ३६ सेकंद कमी करायचे आहेत, आणि पुढच्या भरतीची जाहिरात अजून आलेली नाही.

तो लगेच म्हणाला, "मामा, उद्या परत लावू का घड्याळ?" उद्या वीस मिनिटं हळू. गुरुवारी स्प्रिंट. त्या दिवशी रात्री होळी आहे, पण स्प्रिंट पहाटेच उरकतील.